गोळी सुटते, वाफा परततात

पाळी गेल्यावर हॉर्मोनची गोळी सुरू करायची म्हटलं की बाई डॉक्टरांना दहा प्रश्न विचारते. बंद करताना मात्र बहुतेकदा एकही नाही. पाकीट संपतं, नवं आणायचं राहून जातं, किंवा जाऊबाई म्हणतात, "किती वर्षं खाणार अजून?" मग दोन-तीन आठवड्यांनी रात्री दोन वाजता छातीपासून मानेपर्यंत वाफ चढते, दरदरून घाम फुटतो आणि गाऊन बदलावा लागतो. आता गोळीची सवयच लागली, असं तिला वाटतं.

तसं काही नसतं. गोळी वाफा बऱ्या करत नाही, त्या फक्त थोपवून धरते. इस्ट्रोजेन घटलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र फार चिडकं होतं. अंग जरासं तापलं तरी ते घामाचे नळ सोडून देतं. गोळीने ते शांत राहतं, गोळी गेली की पुन्हा चिडतं. दरम्यान त्याची चिडण्याची वर्षं आपोआप सरली असतील तर काहीच होत नाही. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात वाफांचा त्रास साधारण सात वर्षं चाललेला दिसला, पण काहींच्या बाबतीत तो दहाच्याही पुढे गेला. आपलं घड्याळ कुठवर आलंय, हे सांगणारी रक्ततपासणी नाही. बंद करूनच पाहावं लागतं.

मग हळूहळू की एकदम? २००२ साली अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या चाचणीतला दोन हॉर्मोन्सचा गट धोके दिसल्यामुळे थांबवला गेला आणि हजारो बायकांच्या गोळ्या एका झटक्यात बंद झाल्या. ज्यांना आधी वाफा येत होत्या, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणींना त्या पुन्हा आल्या. साहजिकच सगळ्यांना वाटलं, हळूहळू सोडायला हवं होतं. इस्रायलमध्ये दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. एकदम सोडणाऱ्यांना पहिल्या तीन महिन्यांत जास्त त्रास झाला, हळूहळू सोडणाऱ्यांचा त्रास सहाव्या महिन्याच्या सुमारास वाढला आणि वर्षभरात दोघी सारख्याच झाल्या. म्हणजे त्रास टळत नाही, त्याची तारीख पुढे जाते. एकदम सोडण्यात जिवाला धोका नाही. उलट रक्ताची गाठ, पक्षाघात किंवा स्तनाचा कर्करोग निघाला, तर हळूहळू हा शब्दच काढायचा नाही.

तरीही तारीख आपल्या हातात असणं मला मोलाचं वाटतं. आमच्या ओळखीतल्या एक मुख्याध्यापिका छप्पन्नाव्या वर्षी थांबायचं म्हणत होत्या. इस्ट्रॅडिऑल २ मिलिग्रॅम आणि रात्री प्रोजेस्टेरॉन, अशी सहा वर्षं. मुक्काम नागपूर. डॉक्टरांनी एप्रिलमध्ये साफ नकार दिला. त्या उन्हात वाफ कोणती नि ऊन कोणतं, कसं कळणार? दिवाळीनंतर गोळी १ मिलिग्रॅमवर आणली, तीन महिने तिथेच थांबल्या, मग बंद. त्यांना एक दिवसाआड घ्यायची होती. डॉक्टरांनी ते नको म्हटलं, कारण गोळीतलं इस्ट्रॅडिऑल दोन दिवस पुरत नाही आणि रक्तातली पातळी वरखाली होत राहते. रोजची गोळीच लहान करणं बरं. दुसरं बजावलं ते अधिक महत्त्वाचं: गर्भपिशवी आहे तोवर प्रोजेस्टेरॉन आधी सोडायचं नाही. एकटं इस्ट्रोजेन पिशवीचं अस्तर जाड करतं आणि त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो.

मार्चमध्ये झोप उडाली. प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल गुंगी आणते, ती गेल्यामुळेही हे होतं. दिवसाला चार-पाच वाफा, कॅलेंडरवर पेन्सिलीने टिंबं. जुलैपर्यंत टिंबं आठवड्याला दोन-तीनवर आली. ती वाढली असती आणि सोसवेनाशी झाली असती, तर गोळी पुन्हा सुरू करण्याविषयी बोलता आलं असतं. त्यात हार कसली? पण घामाबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजनात घट असेल, तर ते पाळीच्या खाती टाकू नये, क्षयाची तपासणी करावी. थांबून काही महिने उलटल्यावर अंगावरून लाल गेलं, तर त्याच आठवड्यात दाखवावं.

वाफा विरतात. कोरडेपणा मात्र विरत नाही, वाढत जातो, आणि तो उशिरा येत असल्याने गोळीशी कोणी जोडत नाही. बाईंना ऑक्टोबरात लघवीला जळजळ सुरू झाली. दोनदा अँटिबायोटिक झालं, दोन्ही वेळा लघवीचा कल्चर निर्मळ. हे दुखणं घरी सांगायलाही संकोच. अखेर तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तपासून पाहिलं आणि योनीमार्गात लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं: दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. ते रक्तात फारच थोडं उतरतं. हाडांना त्याचा उपयोग नाही. गोळीने राखलेली हाडं ती सुटल्यावर पुन्हा झिजू लागतात आणि त्याचं कसलंही लक्षण जाणवत नाही. म्हणून डेक्सा तपासणीची चिठ्ठी क्रीमसोबतच लिहून मिळाली.