विक्रेत्याचा पगार कसा ठरवावा?

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेला सप्टेंबर 2016मध्ये 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला. विक्रीचं टार्गेट गाठण्यासाठी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली होती. बँकेने सुमारे 5,300 जणांना काढलं, पण मोजमाप चुकीचं होतं: खातं उघडलं की काम झालं, मग ते वापरात येवो न येवो.

समजा, एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीला विक्रेता हवा आहे. अपेक्षित वार्षिक कमाई 10 लाख. त्यात 6 लाख पक्का पगार, 4 लाख कमिशन. वर्षाचं टार्गेट 80 लाखांचं, म्हणजे कमिशन 5 टक्के. घरखर्च पक्क्या पगारात भागत असेल, तर नको त्या गिऱ्हाइकाला ‘नको’ म्हणता येतं. टार्गेटपुढच्या विक्रीवर 7 टक्के द्यावेत. कोटीची विक्री करणारा मग 11 लाख 40 हजार कमावतो. कसलेला माणूस याच आकड्याकडे बघून येतो.

खरी मेख कमिशन कधी द्यायचं, यात आहे. निम्मं ग्राहकाचे पैसे जमा झाल्यावर, उरलेलं सहा महिन्यांनी, ग्राहक टिकला तरच. ‘80 लाख पूर्ण, तरच कमिशन’ ही अट मात्र घातकच. 79 लाखांवर अडकलेला माणूस मार्चअखेरीस वाट्टेल ती आश्वासनं देतो.

अशी घाई नोंदींत दिसते: महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ऑर्डरींचा ढीग आणि पुढच्याच महिन्यात रद्द करण्याचे अर्ज.