भाडे एक, मागणारे दोन

घरमालक वारल्यावर त्याचा मुलगा भाडे मागतो. मालकाने हयातीतच घर आपल्याला विकले, असे सांगून खरेदीदारही तेच मागतो. चुकीच्या हाती पैसे गेले तर भाडेकरूवर ते पुन्हा भरण्याची पाळी येऊ शकते. अशा वेळी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ८८ नुसार त्याला दोघांना प्रतिवादी करून इंटरप्लीडर दावा लावता येतो. खर्चाखेरीज त्या रकमेवर आपला हक्क नाही आणि कोणाशीही संगनमत नाही, हे त्याला दाव्यात लिहावे लागते. न्यायालय रक्कम जमा करायला सांगू शकते, पहिल्याच सुनावणीत त्याला मोकळेही करू शकते. पुढचे भांडण त्या दोघांचे. मात्र मालकाशी संबंध नसलेला तिऱ्हाईत हक्क सांगत असेल, तर भाडेकरूला हा मार्ग बंद आहे. दोघांचा हक्क आधीच्या एखाद्या दाव्यात ठरण्याजोगा असेल, तरीही हा दावा चालत नाही.