पाच हजारांची गळती

माझ्या भाच्याने 50 हजार रुपये घेऊन शेअर बाजारात रोजची खरेदी-विक्री सुरू केली. दिवसाला पाच सौदे, सगळे संध्याकाळच्या आत मिटवायचे. चारेक महिन्यांत खात्यात निम्मेच पैसे उरले. तेव्हा आम्ही दोघे दलालाची बिलं घेऊन बसलो.

अंदाज चुकले होतेच, पण गळती दुसरीकडेही होती. 50 हजारांच्या एका सौद्याला दलाली, व्यवहार कर, जीएसटी मिळून साधारण 50 रुपये जात होते. दिवसाला अडीचशे, महिन्याला पाच हजार! म्हणजे नुसतं बरोबरीत राहायलाच दरमहा भांडवलाच्या 10 टक्के कमाई हवी. सेबीच्या अहवालानुसार 2022-23 मध्ये असे दिवसाचे सौदे करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झाला.

आता तेच पाच हजार तो दरमहा निफ्टीच्या इंडेक्स फंडात टाकतो. हाही मार्ग बिनधोक नाही. 2020 च्या मार्चमध्ये निफ्टी एक तृतीयांशाहून अधिक कोसळला होता. सावरायला नोव्हेंबर उजाडला. म्हणून पाच-सात वर्षं लागणार नाहीत, तेवढेच पैसे तिथे ठेवा.