औषधाच्या डब्यातल्या दोन तारखा

आईकडे प्रथमोपचाराचं सगळं सामान बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असतं. गेल्या महिन्यात भाचा अंगणात पडला, गुडघा सोलवटला, म्हणून आईनं डब्यातून जंतुनाशक क्रीमची ट्यूब काढली. पिळल्यावर आधी पिवळसर पाणी आलं आणि त्यामागून क्रीमचा घट्ट गोळा. वहिनी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिनं ट्यूब बाजूला ठेवली, गुडघा नळाच्या पाण्याखाली साबणानं नीट धुतला आणि नवी पट्टी लावली. मग ती म्हणाली, "आई, रविवारी हा डबा उघडूया का? तुम्ही जवळ बसा, कुठलं काय आहे ते तुम्हालाच ठाऊक."

रविवारी चटईवर वर्तमानपत्र पसरून आम्ही डबा पालथा केला. वहिनीनं पहिला नियम सांगितला तो ओळखीचा. ज्याचं नाव वाचता येत नाही किंवा तारीख सापडत नाही, ते औषध कितीही नवं दिसलं तरी बाद. या एकाच नियमानं सर्वात जास्त ढीग बाजूला झाला, कारण डब्यात कापलेल्या स्ट्रिपा भरपूर होत्या. औषधाचं नाव स्ट्रिपवर बहुधा पुन्हा पुन्हा छापलेलं असतं, पण बॅच क्रमांक आणि मुदत एका कडेलाच ठसवलेली असते. दुकानदार चार गोळ्या कापून देतो तेव्हा तारखेचा तुकडा बऱ्याचदा त्याच्याकडेच राहतो. पाकिटावर तारीख लिहून मागण्यात संकोच करू नये, असं वहिनीचं म्हणणं. घरी गोळ्या वापरताना मात्र तारखेची कड शेवटपर्यंत राखायची आणि विरुद्ध बाजूनं सुरुवात करायची.

मुदत वाचण्यातही एक बारकावा आहे. नुसता महिना आणि वर्ष छापलं असेल, तर औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. पण ही मुदत बंद पाकिटाची. बाटली एकदा उघडली की दुसरी तारीख सुरू होते, आणि ती कुठंच छापलेली नसते. आईच्या डब्यात डोळ्यांच्या थेंबांची बाटली होती. छापील मुदत आणखी दहा महिन्यांची होती, पण बाटली उघडली होती दिवाळीत, म्हणजे चार महिन्यांपूर्वी. असे थेंब उघडल्यापासून साधारण महिनाभरच वापरायचे असतात, बाटलीवर वेगळी सूचना असेल तर तिच्याप्रमाणे. थेंब टाकताना बाटलीचं टोक पापणीला लागतं, तिथले जंतू आत जातात आणि आतलं संरक्षक द्रव्य त्यांना कायम रोखू शकत नाही. आई हळहळली, "अगं, अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे." तरीही ती बाटली गेली. मुलांच्या अँटिबायोटिकच्या पावडरीत पाणी घालून केलेल्या औषधाचंही तेच. ते बहुतेक वेळा फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरच टिकतं, आणि मागच्या आजारपणाचं उरलेलं तर पुढच्या आजारपणात द्यायचंच नसतं. तेव्हापासून आईकडे चिकटपट्टीचा तुकडा बाटलीवर लावून उघडल्याची तारीख लिहिली जाते.

काही वस्तू तारखेआधीच आपली तब्येत सांगतात. क्रीममधलं पाणी आणि तेल वेगळं झालं तर औषध सगळीकडे सारखं राहत नाही, म्हणून ती ट्यूब बाद. भाजल्यावर लावायची चांदीयुक्त पांढरी क्रीम काळपट पडली असेल तर तीही टाकायची. अ‍ॅस्पिरिनच्या बाटलीला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, कारण दमट हवेनं गोळी फुटून अ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं. पोव्हिडोन आयोडीनचा तपकिरी रंग हीच त्याच्या कामाची खूण, रंग फिका पडला म्हणजे आयोडीन कमी झालं. ओआरएसचं पाकीट दाबून पाहायचं: आत गोळा जमला असेल किंवा पावडर तपकिरी झाली असेल तर ओल शिरली आहे.

ओआरएसवर वहिनी जरा थांबली, कारण इथे चूक वापरण्यातच होते. मोठं पाकीट बहुधा 1 लिटर पाण्यासाठी असतं, लहान 200 मिलीलिटरसाठी, आणि ते पाकिटावर लिहिलेलं असतं. मोठं पाकीट एका पेल्यात कालवलं तर क्षार कितीतरी पटींनी वाढतात आणि जुलाब झालेल्या लहान मुलाला ते घातक ठरू शकतं. कालवलेलं पाणी 24 तासांनंतर फेकायचं.

मग आला मुलांच्या तापाच्या औषधांचा खण, आणि इथं डोळ्यांसमोर हिशेब मांडला तेव्हा मला घाबरायला झालं. डब्यात पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या होत्या. एकीत 5 मिलीलिटरला 125 मिलीग्रॅम, दुसरीत 5 मिलीलिटरला 250, आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत एकाच मिलीलिटरला 100. बारा किलोच्या मुलाला डॉक्टरांनी एका वेळेला 180 मिलीग्रॅम सांगितलं, तर पहिल्या बाटलीतून सुमारे 7 मिलीलिटर, दुसरीतून साडेतीन, आणि थेंबांतून फक्त 1.8 मिलीलिटर होतात. कुणी सवयीनं थेंबांच्या बाटलीतून 7 मिलीलिटर दिलं, तर 700 मिलीग्रॅम जाईल, जवळजवळ चौपट. तिन्ही बाटल्यांवर नाव एकच असल्यानं रात्री झोपेत ही चूक सहज होते. तीनपैकी एकच बाटली डब्यात ठेवली, तिच्यासोबतची मापाची सिरिंज रबरानं तिलाच बांधली, आणि सर्दीच्या गोळ्यांच्या पाकिटावर 'यात पॅरासिटामॉल आहे' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. मोठ्या माणसांचा डोसही असाच दुप्पट होतो: तापाची गोळी घेतली, वर सर्दीची घेतली, आणि दोन्हींत तेच औषध.

पट्ट्यांचं काम भराभर उरकलं. निर्जंतुक गॉजचं पाकीट फाटलं किंवा ओलं झालं की निर्जंतुक राहत नाही. ते जखमेवर लावायचं नाही, पण जमिनीवर सांडलेलं पुसायला वापरता येईल. क्रेप बँडेज ताणून पाहिलं. ते परत आकसत नाही, म्हणजे मुरगळलेल्या घोट्याला आधार देणार नाही. चिकटपट्टीचा गोंद पाघळला होता. कापसाच्या गुंडाळीचं मात्र आईला समजावून सांगावं लागलं, कारण ती वर्षानुवर्षं जखमेवर थेट कापूसच ठेवत आली आहे. कापसाचे धागे जखमेत चिकटतात आणि पट्टी काढताना खपली निघते. गॉज खाली, त्यावर वाटल्यास कापूस.

बाद झालेल्या औषधांचा ढीग खूप झाला. ती बेसिनमध्ये ओतू नयेत. 2016 च्या घनकचरा नियमांमध्ये मुदत संपलेली औषधं आणि फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर घरगुती घातक कचऱ्यात मोजले होते, म्हणून ते ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळे द्यायचे. तोवर गोळ्या स्ट्रिपमधून काढून, वापरलेल्या चहापत्तीत मिसळून, पिशवीत घट्ट बांधल्या. रिकाम्या स्ट्रिपा कापल्या, बाटल्यांवरची नावं खोडली. पाऱ्याचा जुना थर्मामीटर आईनं स्वतः जुन्या चष्म्याच्या केसमध्ये कापूस घालून ठेवला. तो फुटला तर पाऱ्याचे थेंब झाडूनं झाडायचे नाहीत, झाडूनं ते आणखी लहान होऊन पसरतात. खिडकी उघडायची आणि जाड कागदानं ते एकत्र ओढायचे.

उरलेलं सामान आता निम्म्या डब्यात मावतं. डबा पूर्वी स्वयंपाकघरात, गॅसच्या वर होता. तिथे वाफ आणि उष्णता दोन्ही. आता तो झोपायच्या खोलीतल्या कपाटात आहे, भाच्याचा हात पोहोचणार नाही इतका वर. झाकणाच्या आत वहिनीनं कागद चिकटवला आहे. त्यावर प्रत्येक वस्तूसमोर दोन रकाने आहेत, एक छापील मुदतीचा, दुसरा उघडल्याच्या तारखेचा. दुसरा रकाना अजून कोराच आहे.