दोन सुटी, एकच कर

नाशिकच्या ठोक विक्रेत्याने शहरातल्याच दुकानदाराला १०,००० रुपये छापील किमतीचे पंखे उधारीवर दिले. व्यापारी सूट १० टक्के, शिवाय दहा दिवसांत पैसे आल्यास २ टक्के रोख सूट.

व्यापारी सूट बिलावरच वजा होते, वहीत तिची नोंदच होत नाही. म्हणून विक्री ९,००० रुपयांची. त्यावर १८ टक्के जीएसटी १,६२०, म्हणजे केंद्राचे ८१० आणि राज्याचे ८१०. दुकानदाराच्या नावे १०,६२० रुपये. जमेला विक्री आणि हे दोन कर.

घोळ होतो तो रोख सुटीत. काही जण ती आधीच वजा धरून ८,८२० वर कर लावतात, आणि सरकारचे ३२ रुपये ४० पैसे कमी भरतात. पण ही सूट मिळेल की नाही, हे बिल फाडताना कुणाला ठाऊक असतं? उधारीवाला महिनाभर फिरकलाच नाही तर?

नवव्या दिवशी पैसे आलेच, तर ९,००० वरची १८० रुपये सूट सोडायची. बँक १०,४४० नावे, रोख सूट १८० नावे, दुकानदार १०,६२० जमा. सूट नुसती पैशांत सोडली, तर कर १,६२० च राहतो.