पॉलिसी पोर्ट करताना जुनी वर्षे हातची घालवू नका

समजा, एका मधुमेही गृहस्थांनी दोन वर्षांपूर्वी पाच लाखांची आरोग्य पॉलिसी घेतली. मधुमेह त्यांनी तेव्हाच सांगितला होता आणि त्यासाठी तीन वर्षांचा वेटिंग पिरियड लागला. आता हप्ता वाढला म्हणून ते दुसऱ्या कंपनीकडे दहा लाखांची पॉलिसी पोर्ट करत आहेत. तिथेही वेटिंग तीन वर्षांचेच आहे. मग पुन्हा तीन वर्षे थांबायचे का?

नाही. काढलेली दोन वर्षे वजा होतात आणि एकच वर्ष उरते. नव्या कंपनीची अट दोनच वर्षांची असती, तर काहीच उरले नसते. मात्र ही वजावट जुन्या पाच लाखांना आणि त्यावर जमलेल्या बोनसला मिळते. वाढवून घेतलेल्या रकमेसाठी तीन वर्षे नव्याने मोजली जातात. वर्षभराने मधुमेहामुळे सात लाखांचे बिल आले, तर बोनस नसल्यास पाच लाखांपर्यंतच पैसे मिळतील. हा भाग एजंट बहुधा सांगत नाहीत, आणि ग्राहकाला तो कळतो तो दवाखान्यात.

म्हणून वेटिंग कमी करण्याची विनंती अर्जासोबतच लेखी द्यावी. त्यात पहिली पॉलिसी कधी सुरू झाली, दरवर्षीची विमा रक्कम किती होती, कोणता आजार केव्हा कळवला आणि किती महिने पूर्ण झाले हे लिहावे. जुन्या सर्व पॉलिसींच्या प्रती जोडाव्यात. ही कंपनीकडे मागितलेली सवलत नव्हे. पोर्ट स्वीकारल्यावर काढलेल्या काळाची वजावट देणे विमा नियामक इर्डाईच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्याहून जास्त कपात हवी असेल तर काही कंपन्या जादा हप्ता घेऊन ती देतात. तो त्यांच्या मर्जीचा भाग.

प्रस्ताव नाकारण्याचा अधिकार मात्र नव्या कंपनीला आहे. त्यामुळे दीड-दोन महिने आधी अर्ज करावा आणि लेखी होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद पडू देऊ नये. खंड पडला की जमवलेली वर्षे धोक्यात येतात. नकाराच्या भीतीने आजार लपवणे तर त्याहून वाईट, कारण पुढे दावाच नाकारला जाऊ शकतो.

सगळ्यात जास्त गफलत होते ती कागदावर. पोर्ट म्हणून केलेला अर्ज कधीकधी नवी पॉलिसी म्हणून नोंदवला जातो. ते ओळखायचे पॉलिसीच्या शेड्यूलवरून. प्रत्येक सदस्यापुढे पहिल्या विम्याची जुनी तारीख आणि आधीची विमा रक्कम आहे का, ते पाहा. तिथे यंदाचीच तारीख दिसली, तर तुमची दोन वर्षे नोंदलेलीच नाहीत. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, पण तोवर जुनी संपलेली असू शकते. म्हणून परत करण्याआधी दुरुस्ती लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाने दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, आणि तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही.