मीटिंग कोणत्या घड्याळाला बांधायची?

ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी आमच्या टीममधल्या चौघांची बस चुकली. हिंजवडीच्या ऑफिसातून शेवटची कंपनी बस संध्याकाळी सव्वासातला सुटायची. श्टुटगार्टच्या टीमबरोबरची आमची रोजची मीटिंग साडेसहाला सुरू होऊन सातला संपे, त्यामुळे सगळे वेळेत खाली पोचत. त्या दिवशी मात्र कॅलेंडरात तीच मीटिंग साडेसात ते आठ अशी दिसत होती. वेळ कोणी बदलली नव्हती, तसा निरोपही आला नव्हता. टेस्टिंग बघणाऱ्या आमच्या सहकारीणीचा मुलगा पाळणाघरात होता. तिने मीटिंग अर्ध्यात सोडली आणि रिक्षा करून गेली. पुढचे पाच महिने हे असंच चालणार आहे, हे आम्हाला त्या आठवड्यात कळलं.

कारण साधं आहे. आपलं घड्याळ वर्षभर एकाच जागी असतं, युरोपचं वर्षातून दोनदा सरकतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे आणतात. लंडन, बर्लिन, हेलसिंकी ही शहरं वेगवेगळ्या पट्ट्यांत असली तरी हा बदल सगळीकडे एकाच क्षणी होतो. त्या क्षणी भारतात रविवार सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. त्यामुळे जर्मनी आणि आपल्यात उन्हाळ्यात साडेतीन तासांचं अंतर असतं आणि हिवाळ्यात साडेचार तासांचं. लंडनसाठी तेच अंतर साडेचार आणि साडेपाच तास होतं. आमची मीटिंग जर्मनीत दुपारी तीनला होती आणि ती तिथे तीनलाच राहिली. उन्हाळ्यात तेव्हा पुण्यात साडेसहा वाजत होते, आता साडेसात वाजू लागले.

या अंतरातला अर्धा तास आपला आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर धरली जाते, आणि त्या हिशोबाने आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहोत. मुंबईने मात्र स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतानेही घड्याळ एक तास पुढे नेलं होतं, पण ते तेवढ्यापुरतंच. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये हा सहामाही बदल बंद करण्याच्या बाजूने मतदान केलं होतं, पण सदस्य देशांचं एकमत न झाल्याने तो अजून सुरू आहे. त्यामुळे तिकडचे लोक कधीतरी हे थांबवतील या आशेवर मीटिंग ठरवण्यात अर्थ नाही.

आमचा पहिला प्रयत्न फसला. आम्ही विचारलं, "मीटिंग थोडी लवकर घेता येईल का?" उत्तर लगेच आलं, आणि ते अगदी मनापासून होतं: "हो, अडीचला घेऊ या." जर्मनीतले अडीच म्हणजे हिवाळ्यात पुण्यातले सात. अर्धा तास मिळाला, पण मीटिंग साडेसातला संपणार आणि बस चुकायची ती चुकणारच. चूक आमची होती. 'थोडी लवकर' या शब्दांत आमची अडचण कुठेच नव्हती. समोरच्या माणसाला बस माहीत नव्हती आणि पाळणाघरही माहीत नव्हतं. त्याला फक्त त्याच्या कॅलेंडरातली मोकळी जागा दिसत होती.

दुसऱ्यांदा आम्ही आधी माहिती गोळा केली. दोन्हीकडच्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: दिवसातली कोणती वेळ तुम्ही हलवूच शकत नाही? 'कधी सोयीचं पडेल' असं विचारलं तर सगळे सकाळचे दहा म्हणतात. न हलणारी वेळ विचारली की खरी अडचण बाहेर येते. पुण्यात एक ते दोन जेवणाची सुट्टी होती आणि पाळणाघरासाठी पाचला निघणारी आई होती. आदल्या रात्रीच्या चाचण्यांचे निकाल तपासून तयार व्हायला आम्हाला दुपारचे दोन वाजत, आणि त्याआधीच्या मीटिंगमध्ये सांगण्यासारखं काहीच नसे. जर्मनीत सव्वानऊ ते पावणेदहा त्यांची स्वतःची मीटिंग होती आणि बारा वाजता जेवण होतं. त्यांच्यातली एक सहकारी अर्धवेळ काम करायची आणि एक वाजता निघायची. हे आम्हाला दोन वर्षांत कळलं नव्हतं. दुपारी तीनच्या मीटिंगला ती कधीच नसायची, आणि आम्ही समजत होतो की तिला या कामात फारसा रस नाही.

मग एका कागदावर दोन पट्ट्या काढल्या, एक उन्हाळ्याची आणि एक हिवाळ्याची. पुण्याचं ऑफिस साडेनऊ ते साडेसहा आणि श्टुटगार्टचं आठ ते पाच धरलं. उन्हाळ्यात दोन्ही ऑफिसं एकाच वेळी उघडी असतात ती पुण्याच्या साडेअकरापासून साडेसहापर्यंत, म्हणजे सात तास. हिवाळ्यात ती साडेबारापासून साडेसहापर्यंत असतात, म्हणजे सहा तास. ऐकायला हे भरपूर वाटतं. पण दोन्हीकडची जेवणं, त्यांची सकाळची मीटिंग, आमचे दोन वाजताचे निकाल, त्यांचा एक आणि आमचा पाच, हे सगळं खोडत गेल्यावर दोन्ही पट्ट्यांत सामाईक अशी छोटीशी फट उरली. जर्मनीचे साडेदहा ते बारा. आमच्याकडे ती उन्हाळ्यात दोन ते साडेतीन येते आणि हिवाळ्यात तीन ते साडेचार. उत्तर त्या दीड तासातच होतं.

दोन्ही ऋतूंच्या पट्ट्या काढणं मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बहुतेक लोक ज्या महिन्यात त्रास होतो त्याच महिन्यापुरती वेळ शोधतात. जुलैमध्ये कोणी जर्मनीचे साडेनऊ सुचवले तर पुण्याचा एक वाजतो आणि जेवणात मीटिंग येते म्हणून आपण ते नाकारतो. तेच डिसेंबरमध्ये सुचवले तर पुण्यात दोन वाजतात, आपण आनंदाने हो म्हणतो आणि मार्चनंतर सहा-सात महिने डबा घेऊन मीटिंगला बसतो.

आता प्रश्न राहिला घड्याळाचा. कॅलेंडरातली प्रत्येक आवर्ती मीटिंग कोणत्यातरी एका शहराच्या घड्याळाला बांधलेली असते. सहसा ती मीटिंग तयार करणाऱ्याच्या शहराला बांधली जाते, आणि ते कोणी मुद्दाम ठरवत नाही. मीटिंग तयार करताना वेळेशेजारी हा वेळपट्टा निवडता येतो. `Europe/Berlin` निवडला तर जर्मनीत वेळ स्थिर राहते आणि आपल्याकडे ती वर्षातून दोनदा सरकते. `Asia/Kolkata` निवडला तर उलटं होतं. तिकडच्या टीमप्रमुखांनी स्वतःहून विचारलं, "मग ती पुण्याला का बांधू नये? तुमचा त्रास कायमचा संपेल." विचार करण्यासारखा मुद्दा होता. पुण्याचे तीन धरले तर जर्मनीत हिवाळ्यात साडेदहा वाजतात आणि उन्हाळ्यात साडेअकरा. पण त्यांच्या विभागाची मोठी साप्ताहिक मीटिंग साडेअकराला होती, आणि ती जर्मन घड्याळावर पक्की होती. मार्चअखेर दोन्ही एकमेकींवर आदळल्या असत्या. आमच्याकडे तशी आदळआपट नव्हती, आणि तासभर सरकूनही मीटिंग आमच्या दुपारीच राहत होती. म्हणून ती जर्मनीलाच बांधायची ठरली. ज्या बाजूला मीटिंग सरकल्याने काही मोडत नाही, ती बाजू सरकते. अमेरिकेतली टीमही जोडलेली असेल तर मात्र जास्त जपावं लागतं, कारण त्यांचं घड्याळ वेगळ्या रविवारी बदलतं. २०२६ मध्ये ८ ते २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या काळात अमेरिका आणि युरोप यांच्यातलं अंतर नेहमीपेक्षा एक तासाने कमी असतं. त्या आठवड्यांसाठी वेगळी वेळ आधीच ठरवून ठेवावी.

दुसरा मेल असा होता, इथे मराठीत देते:

"सध्याच्या वेळी हिवाळ्यात पुण्यात १९:३० वाजतात. चौघांची शेवटची बस १९:१५ ला आहे. आमचा प्रस्ताव: जर्मनी ११:०० ते ११:३०. पुण्यात तेव्हा ऑक्टोबरअखेर ते मार्चअखेर १५:३० आणि उरलेले महिने १४:३० असतील. हे जमत नसेल तर जर्मनी १०:१५. त्यात उन्हाळ्यात आमच्या जेवणातली पंधरा मिनिटं जातील, पण चालेल. नवी वेळ पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून आणि आधी सहा आठवडे. शुक्रवारपर्यंत कळवाल का?"

यातल्या प्रत्येक आकड्यामागे कारण आहे. आम्ही 'अडीच' किंवा 'साडेतीन' असे शब्द टाळून चोवीस तासांचं घड्याळ लिहिलं. जर्मन भाषेत 'हाल्ब द्राय', म्हणजे शब्दशः 'अर्धे तीन', म्हणजे अडीच. ब्रिटिश इंग्रजीत 'हाफ थ्री' म्हणजे साडेतीन. असं ऐकून लोक एक तास लवकर किंवा उशिरा येतात. वेळपट्ट्यांची आद्याक्षरंही टाळली. आय.एस.टी. म्हणजे आपल्याला भारतीय वेळ वाटते, पण आयर्लंडची उन्हाळी वेळ आणि इस्रायलची वेळही याच अक्षरांनी लिहितात. सी.ई.टी. ही मध्य युरोपची फक्त हिवाळी वेळ आहे, तरी लोक जुलैतही ती लिहितात आणि शब्दशः वाचणारा एक तास चुकतो. शहराचं किंवा देशाचं नाव लिहिलं की हा घोळ होत नाही. दुसरा पर्याय त्याच्या तोट्यासकट दिला, कारण एकच वेळ पुढे केली तर समोरच्याला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं.

होकार आल्यावर आणखी एक चूक होता होता राहिली. जुनीच मालिका उघडून तिची वेळ बदलायला निघालो होतो. तसं केलं की बऱ्याच कॅलेंडरांत मधल्या एखाद्या दिवशी केलेले बदल पुसले जातात आणि मागच्या नोंदींचाही गोंधळ होतो. म्हणून जुनी मालिका शुक्रवारी संपवली आणि सोमवारपासून नवी सुरू केली. ती जर्मनीतल्या टीमप्रमुखांनी तयार केली, म्हणजे ती त्यांच्याच घड्याळाला बांधली गेली. वर्णनात पहिल्याच ओळीत लिहिलं: ही मीटिंग जर्मनीच्या वेळेवर चालते.

त्या वेळेच्याही मर्यादा आहेत. दुपारी साडेतीनला पुण्यात माणूस जरा मंदावलेला असतो आणि जर्मनीत मीटिंग लांबली की थेट जेवणाला भिडते. म्हणून ती अर्ध्या तासाच्या वर जाऊ देत नाही. पण सहा आठवड्यांनी विचारलं तेव्हा जुनी वेळ कोणालाच परत नको होती. अर्धवेळ काम करणारी ती जर्मन सहकारी आता रोज असते, आणि सगळ्यात अचूक प्रश्न तीच विचारते.

तुमचीही युरोपबरोबर अशी मीटिंग असेल तर आजच कॅलेंडर उघडा आणि २६ ऑक्टोबर २०२६ या सोमवारावर जा. तिथे मीटिंगची वेळ आदल्या शुक्रवारपेक्षा एक तासाने वेगळी दिसली तर ती युरोपच्या घड्याळाला बांधलेली आहे. तीच वेळ दिसली तर ती आपल्या घड्याळाला बांधलेली आहे, आणि तासभराचा बदल तिकडच्यांना सोसावा लागणार आहे. दोन्हीपैकी काहीही असलं तरी नवी वेळ सुचवायची ती दिवाळीआधी सुचवा.